कडक परीक्षकाचा गठ्ठा: सरासरी जुळवण्याआधी कडकपणा मोजा

प्रश्न: आमच्याकडे एकाच पेपरच्या ६०० उत्तरपत्रिका चार परीक्षकांनी तपासल्या, प्रत्येकी १५०. तिघांच्या गठ्ठ्यांची सरासरी ५५ च्या आसपास आहे, चौथ्यांची मात्र ४९. ते कडक तपासतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या गठ्ठ्यातल्या सर्वांना सरसकट ६ गुण वाढवून द्यावेत, की सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही जुळवून स्केलिंग करावं? कुठल्याही विद्यार्थ्यावर अन्याय होऊ नये एवढंच बघायचं आहे. उत्तीर्णतेची मर्यादा ४० आहे आणि निकाल दहा दिवसांवर आला आहे.

उत्तर:

आत्ता तरी दोन्ही करू नका. ६ गुणांच्या त्या फरकात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: परीक्षकाचा हात किती आखडता होता, आणि त्या गठ्ठ्यातली मुलं मुळात कशी होती. सरासरीकडे कितीही वेळ बघत बसलात तरी त्या वेगळ्या होत नाहीत. हात कडक आहे हे सगळ्यांना माहीत असणं हा पुरावा नाही. तशी ख्याती एखाद्या जुन्या वर्षावरून पडलेली असते आणि मग कमी आलेली प्रत्येक सरासरी तिच्या खात्यावर जमा होत जाते.

पहिली चौकशी गठ्ठे कसे केले याची करा. सगळ्या उत्तरपत्रिका नीट मिसळून वाटल्या असतील तर हिशेब बराच सोपा आहे. गुणांचं प्रमाण विचलन १४ धरलं, तर १५० जणांच्या गठ्ठ्याची सरासरी निव्वळ योगायोगाने साधारण एका गुणाने इकडेतिकडे होते, फार तर दोनाने. म्हणजे तुमच्या तिघांपैकी एकाची ५४ आणि दुसऱ्याची ५६ असेल तर त्यात काहीच वावगं नाही, त्या फरकाला हात लावू नका. ६ चा फरक मात्र योगायोगात बसत नाही, आणि गठ्ठे खरोखर मिसळलेले असतील तर तो बहुतांशी परीक्षकाचाच मानायला हरकत नाही. पण बहुतेक ठिकाणी गठ्ठे आसन क्रमांकाच्या ओळीने बांधलेले असतात, आणि आसन क्रमांक तुकडीनुसार किंवा शाखेनुसार लागलेले असतात. अशा वेळी १५० जणांचा गठ्ठा म्हणजे एक-दोन तुकड्याच असतात, आणि तुकड्यातुकड्यांत तीन-चार गुणांचा खरा फरक असणं अगदी नेहमीचं आहे.

हे पडताळण्याची एक फुकटची सोय तुमच्या हाताशी आहे. त्याच १५० विद्यार्थ्यांचे त्याच परीक्षेतले बाकीचे पेपर बघा, जे वेगळ्या परीक्षकांनी तपासले आहेत. तिथेही हा गट बाकीच्यांपेक्षा दोन-अडीच गुणांनी मागे असेल, तर तुमच्या ६ पैकी काही वाटा गठ्ठ्याचा आहे हे उघड आहे. तो वाटा तितकाच असेल असं म्हणता येणार नाही, कारण विषय बदलला की मुलांचा क्रमही थोडा बदलतो, पण दिशा नक्की कळते. वस्तुनिष्ठ प्रश्नांचा भाग यंत्राने तपासला असेल तर त्याचे गुण या कामाला आणखी चांगले, कारण त्यात कुणाचाच हात नसतो.

आता दुसऱ्या पर्यायाबद्दल, म्हणजे सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही जुळवण्याबद्दल. ही पद्धत शास्त्रीय दिसते, म्हणून तिच्याकडे मन लगेच ओढलं जातं. तुमच्या कडक परीक्षकांच्या गठ्ठ्याचं प्रमाण विचलन ११ आहे आणि बाकीच्यांचं १४, असं समजू. मग सूत्र असं होतं:

```
new = 55 + (x - 49) * 14 / 11
```

यात ज्याला ८० मिळाले त्याचे ९४.५ होतात. ज्याला ९० मिळाले त्याचे १०७ होतात, म्हणजे त्याला १०० वर कापावं लागेल. आणि ज्याला २० मिळाले त्याचे १८ होतात. म्हणजे कडक हाताखाली सापडलेल्या विद्यार्थ्याचेच गुण आपण कडकपणाची भरपाई म्हणून कमी केले! शिवाय ११ हा आकडा परीक्षकामुळे आला की एकसारख्या तुकडीमुळे, हेही आपल्याला माहीत नाही. एका तुकडीतली मुलं एकमेकांच्या जवळपास असतील तर विचलन कमीच येणार, आणि ते ताणून १४ केलं तर नसलेले फरक आपण स्वतःच तयार करतो. वेगवेगळे ऐच्छिक विषय घेतलेल्या उमेदवारांना एका यादीत आणायचं असतं तेव्हा या पद्धतीचा विचार होऊ शकतो. एकाच पेपरच्या चार परीक्षकांसाठी ती जवळजवळ नेहमीच चुकीची आहे.

कायद्याच्या बाजूनेही हा फरक महत्त्वाचा आहे. उत्तर प्रदेशातल्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये हेच सांगितलं: सर्व उमेदवारांनी तेच पेपर दिलेले असताना परीक्षकांमधला फरक काढायला स्केलिंग योग्य नाही, त्यासाठी मॉडरेशन करावं, म्हणजे मुख्य परीक्षकाने नमुन्यादाखल उत्तरपत्रिका पुन्हा बघून परीक्षकांचं गुणदान एका पातळीवर आणावं. स्केलिंगची जागा वेगवेगळ्या विषयांची तुलना करायची असेल तिथे आहे. तेव्हा उद्या कुणी विद्यार्थी विचारायला आला, तर सूत्र लावलं असं सांगण्यापेक्षा उत्तरपत्रिका पुन्हा उघडून पाहिल्या असं सांगता आलं पाहिजे.

म्हणून पुढचं पाऊल हे की कडकपणा थेट मोजायचा. त्यांच्या गठ्ठ्यातून चिठ्ठ्या टाकून ३६ उत्तरपत्रिका काढा. निवडून काढू नका. ‘शंकास्पद’ वाटणाऱ्या काढल्या की सगळं मोजमाप तिथेच बिघडतं. या उत्तरपत्रिकांच्या अशा प्रती हव्यात ज्यांवर आधीचे गुण, खुणा, शेरे काहीच दिसणार नाहीत. लाल शाईचा आकडा डोळ्यांसमोर असला की दुसरा परीक्षक त्याच्याकडे ओढला जातो, आणि मग मोजलेला फरक खऱ्यापेक्षा लहान येतो. या ३६ प्रती बाकीच्या तीन गठ्ठ्यांतल्या काही प्रतींमध्ये मिसळा, म्हणजे आपण ‘कडक’ माणसाचं तपासत आहोत हे कुणाला कळणार नाही आणि दयेपोटी हात सैल सुटणार नाही. प्रत्येक प्रत बाकीच्या तिघांपैकी दोघांनी, एकमेकांशी न बोलता तपासावी. दोघांच्या गुणांची सरासरी हा तुमचा संदर्भ. एकाच माणसाला संदर्भ मानलं तर त्याची सवय सगळ्यांवर लादली जाते. मिसळलेल्या बाकी प्रतींमुळे हे तिघे आपसात जुळतात की नाही तेही कळेल. ते जुळत नसतील तर आधी मार्किंग स्कीम घेऊन सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं लागेल, पुढचं गणित तोवर थांबवा.

समजा ३६ उत्तरपत्रिकांवर सरासरी फरक ३.४ गुणांचा आला, म्हणजे संदर्भापेक्षा ते ३.४ ने कमी देतात. एकेका उत्तरपत्रिकेवरच्या फरकाचं प्रमाण विचलन ५ असेल, तर या ३.४ ची अनिश्चितता ५ भागिले ६, म्हणजे ०.८ च्या जवळपास आहे. खरा कडकपणा १.७ ते ५.१ च्या दरम्यान कुठेतरी असणार. पहिली गोष्ट लगेच दिसते: ६ या मर्यादेच्या बाहेर आहे. सरसकट ६ वाढवले असते तर त्या १५० जणांना सरासरी अडीच गुण कमाईशिवाय मिळाले असते आणि बाकीचे ४५० जण तेवढे मागे पडले असते. त्या ४५० जणांची तक्रार कधीच येत नाही, कारण आपलं काही गेलं हे त्यांना कळतच नाही. म्हणून त्यांची काळजी आपणच घ्यायची असते.

इथे थांबून ३.४ वाढवले तर काम झालं असं वाटेल, पण अजून दोन तपासण्या राहिल्या आहेत आणि खरी माहिती त्यांतूनच मिळते.

पहिली: हा फरक वर, मध्ये आणि खाली सारखा आहे का? ३६ उत्तरपत्रिका तीन भागांत लावा. लावताना फक्त त्या परीक्षकांचे गुण घेऊ नका, त्यांचे आणि संदर्भाचे गुण मिळून जी सरासरी येते तिच्यावर लावा. नाहीतर ज्यांना त्यांच्याकडून योगायोगाने कमी मिळाले तेच खालच्या भागात गोळा होतील आणि खाली जास्त कडकपणा असल्याचा भास होईल. समजा खालच्या बारांत फरक १.२ आला, मधल्या बारांत ५.८ आणि वरच्या बारांत ३.२. बारा-बारांचे हे आकडे कच्चे आहेत, त्यांच्यावर फार भार टाकू नये. पण खाली जवळजवळ काही नाही आणि मध्ये फुगवटा, हा आकार काहीतरी सांगतो आहे.

दुसरी तपासणी प्रश्नवार. हीच सगळ्यात उपयोगी, आणि हीच बहुतेक जण करत नाहीत. प्रत्येक प्रश्नाचा फरक वेगळा काढा. समजा ३.४ पैकी ३ गुण एकट्या चौथ्या आणि पाचव्या प्रश्नावर गेलेले दिसले. दोन्ही १५ गुणांची उदाहरणं. बाकी लघुत्तरी प्रश्नांत फरक नावालाच. मग त्या दोन प्रश्नांची पानं उघडून बघा. बहुधा असं दिसेल की आदर्श उत्तरात सूत्राला २, मांडणीला ४, पायऱ्यांना ६ आणि अंतिम उत्तराला ३ गुण दिलेले आहेत, पण या परीक्षकांनी अंतिम उत्तर चुकलं की सूत्राचे २ देऊन बाकी सगळे कापले. म्हणजे त्यांचा हात सरसकट कडक नव्हताच. एका सूचनेचा अर्थ त्यांनी वेगळा लावला. मधल्या मुलांचं जास्त नुकसान का झालं तेही यातून उलगडतं: तळातली मुलं ती उदाहरणं सोडवतच नाहीत, वरची मुलं बरोबर सोडवतात, आणि मधली मुलं अर्ध्यापर्यंत नीट जाऊन पुढे चुकतात.

आता दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवा. दोघांनाही ३८. पहिल्या विद्यार्थ्याने चौथ्या प्रश्नात सूत्र लिहिलं, किमती बरोबर घातल्या, तिसऱ्या पायरीला ऋण चिन्ह सुटलं आणि पुढचं उत्तर चुकलं. त्याला २ मिळाले, संदर्भात दोघांनी मिळून सरासरी ९ दिले. त्याचे खरे गुण ४५. दुसऱ्या विद्यार्थ्याने चौथा आणि पाचवा दोन्ही प्रश्न कोरे सोडले. तिथे कडक परीक्षकही शून्य देणार आणि सढळ परीक्षकही शून्यच देणार. त्याचे खरे गुण ३८. सरसकट ३.४ वाढवले तर दोघेही ४१ वर जाऊन उत्तीर्ण होतात. दुसऱ्यावर अन्याय झालाच नव्हता, तरी तो पार झाला. पहिल्याचे ७ गेले होते, त्याला निम्मेही परत मिळाले नाहीत. बेरजेच्या रकान्यात दोघेही ३८, त्यामुळे सूत्र कितीही हुशारीने बांधलं तरी त्याला हे दोघे वेगळे दिसणार नाहीत. वेगळे दिसतात ते फक्त पान उघडल्यावर.

म्हणून तुमच्या परिस्थितीत माझा सल्ला स्पष्ट आहे: गुण वाढवू नका, ते दोन प्रश्न पुन्हा तपासा. एका उदाहरणाला ४ मिनिटं धरली तर एका उत्तरपत्रिकेला ८, आणि १५० ना १,२०० मिनिटं, म्हणजे २० तास. तिघांत वाटले तर प्रत्येकी सात तासांच्या आत. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांना अर्धा मिनिटही लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच वेळ जाईल. दहा दिवस हाताशी असताना हे एका दिवसाचं काम टाळून सूत्र शोधत बसण्यात अर्थ नाही. ज्यांचं तपासणं चर्चेत आहे त्या परीक्षकांनाही विश्वासात घ्या. त्यांनी मुद्दाम काही केलेलं नसतं, आणि कित्येकदा मार्किंग स्कीममधली ओळच संदिग्ध निघते. बाकी तिघांनीही ती ओळ आपापल्या परीने वाचली असण्याची शक्यता आहे, तेव्हा त्यांच्या गठ्ठ्यांतूनही ते दोन प्रश्न थोडे चाळून बघा.

पुन्हा तपासणं खरोखरच शक्य नसेल तेव्हाच सूत्राकडे वळा. हजारो उत्तरपत्रिका, परीक्षक दूरवर विखुरलेले, आणि तपासणीत कडकपणा सर्व प्रश्नांत व सर्व पातळ्यांवर सारखाच दिसलेला, अशी स्थिती असेल तर ठरावीक गुण मिळवणं रास्त आहे. फक्त दोन्ही टोकं बांधून ठेवा. शून्याचे साडेतीन होता कामा नयेत आणि ९९ चे १०२ होता कामा नयेत. मी साधारण असं करतो:

```
new = x + k * min(1, x/20, (100 - x)/20)
```

`k` म्हणजे मोजलेला कडकपणा. २० ते ८० च्या दरम्यान सगळ्यांना पूर्ण `k` मिळतो, टोकांकडे तो हळूहळू शून्यावर येतो. `k` ३.४ असेल तर १० चे ११.७, ५० चे ५३.४ आणि ९५ चे ९५.८५. एकाच परीक्षकाच्या विद्यार्थ्यांचा आपसातला क्रम यात कुठेही उलटत नाही, आणि ही अट मी कधी सोडत नाही. अपूर्णांक शेवटीच पूर्ण करा, आधी `k` पूर्णांकात आणू नका.

`k` साठी मोजलेला आकडा जसाच्या तसा वापरू नये, नमुना लहान असेल तर नाहीच. तुमच्या परीक्षकांमध्ये कडकपणाचा फरक साधारण ३ गुणांच्या विचलनाचा असतो असं मागच्या वर्षांवरून समजा. मग ३६ उत्तरपत्रिकांवरून आलेल्या ३.४ ला ९ भागिले (९ + ०.७) ने गुणा, साधारण ३.२ येतात, फारसा फरक पडत नाही. पण तोच ३.४ फक्त ९ उत्तरपत्रिकांवरून आला असेल तर गुणक ०.७६ होतो आणि २.६ च द्यावेत. पुरावा कमी असेल तर दुरुस्तीही कमी, एवढाच त्याचा आशय.

कुठलाही मार्ग घेतला तरी एक गोष्ट उरते. फरकाचं विचलन ५ आहे याचा अर्थ असा की सरासरीत ३.४ गेलेले असले तरी एखाद्याचे दहा गेले असतील आणि एखाद्याला उलट दोन जास्तच मिळाले असतील. परीक्षकाची सवय काढून टाकल्यावरही हा डळमळीतपणा तसाच राहतो, आणि तो चारही गठ्ठ्यांत आहे. एफ. वाय. एजवर्थ यांनी १८८८ मध्येच परीक्षेच्या गुणांना मोजमापातल्या चुकांचं गणित लावून हे दाखवलं होतं. त्यावर गटाच्या पातळीवर काही करता येत नाही, सीमेवरच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या माणसाने वाचणं एवढाच उपाय आहे. तेव्हा दुरुस्तीनंतर ३५ ते ३९ मध्ये असलेल्या सगळ्या उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे, गुण झाकून, पाठवा. अशा तीस-चाळीसच निघतील. चारही गठ्ठ्यांतल्या काढा, फक्त कडक गठ्ठ्यातल्या नव्हे. एकाच गठ्ठ्यातल्या काठावरच्यांना दुसरी संधी दिली तर त्यातले काही जण निव्वळ योगायोगानेही पार होतात, आणि ती संधी इतरांना मिळालेली नसते. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढाच निकाल असेल तर फक्त खालची बाजू वाचणं मला मान्य आहे, कारण चुकून नापास होण्याची किंमत जास्त असते. गुणवत्ता यादी लावून जागा भरायच्या असतील तर मात्र सीमेच्या दोन्ही बाजू वाचाव्या लागतील, एकाला वर घेतलं की दुसरा खाली जातोच.

सढळ परीक्षकाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तिघांपैकी एखादा तसा निघू शकतो. मोजमाप त्याच पद्धतीने. गुण कमी करायचे असतील तर निकाल जाहीर होण्यापूर्वीच, आणि उत्तरपत्रिका पुन्हा बघूनच. निव्वळ सूत्राने मी कुणाचे गुण कमी करत नाही.

शेवटची खात्री करायला, मोजणीत न वापरलेल्या २० उत्तरपत्रिका त्या गठ्ठ्यातून पुन्हा चिठ्ठी टाकून काढा आणि दुरुस्त गुण संदर्भाशी ताडून बघा. फरक शून्याच्या जवळ, म्हणजे एक-दोन गुणांच्या आत यायला हवा, आणि वरच्या-खालच्या निम्म्यांत तो उलटसुलट असू नये. तसाच दिसला तर पुढे चला. अजूनही चार गुणांची दरी दिसत असेल तर प्रश्नवार फरक पुन्हा काढा, एखादा प्रश्न नजरेतून सुटलेला असतो. आणि मूळ गुण खोडू नका. मूळ, दुरुस्त आणि पुन्हा वाचल्यावरचे असे तिन्ही रकाने ठेवा, कोणी कधी वाचलं याच्या सह्यांसकट, कारण पुनर्मूल्यांकनाचा पहिला अर्ज आला की तेच कागद लागतात.